फुटसालमध्ये बाहेर गेलेला परत येतो

आमच्या खाणीत डंपरची सीट बेवारस सोडायची नाही असा नियम आहे. पुढच्या पाळीचा माणूस शिडी चढून वर आल्याशिवाय आधीच्याने खाली उतरायचं नाही. तो आला की दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि चार्ज द्यायचा. म्हणजे ब्रेक कसा आहे, कोणता टायर पाहायचा, रस्त्यावर पाणी मारलंय की नुसता चिखल करून ठेवलाय, ते सांगायचं. मग एक उतरतो आणि दुसरा बसतो.

मी आणि माझा जोडीदार एकाच डंपरवर, एकामागच्या एक पाळीत, कधी तो आधी, कधी मी. रोज चार्ज देताना आम्ही बोलायचो, कारण तो नियम होता. त्याच्यापलीकडे आमचं बोलणं बंद होतं, आणि ते दहा-अकरा वर्षं बंद होतं.

"ब्रेक ठीक आहे. मागचा डावा टायर पाहून घ्या. हॉर्न कमी वाजते."

"बरं."

संपला दिवसभराचा संवाद. त्याआधी आम्ही एकमेकांना 'अबे' म्हटल्याशिवाय हाक मारत नव्हतो, आणि आता 'पाहून घ्या', 'बसून घ्या'. भांडणाने आमच्यात केवढी सभ्यता आणली! वणीच्या कॉलनीत आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून होती. बायका दिवसातून दोनदा एकमेकींकडे जायच्या, त्यांच्याकडची बिर्याणी आमच्याकडे आणि आमच्याकडची पुरणपोळी त्यांच्याकडे जायची. ती आम्ही दोघं आपापल्या घरात मुकाट्याने खायचो. माझी बायको म्हणायची, "तुम्ही दोघं म्हणजे रेडिओ झाले. फक्त बातम्या सांगता."

भांडण फुटबॉलवरून झालं होतं. खाण कामगारांच्या स्पर्धेची फायनल होती, अकरा-अकरा जणांची, कॉलनीच्या मोठ्या मैदानावर. मी स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहून आलेला बॉल लांब हाणणारा. माझी किक सेंटर लाइनच्या पलीकडे पडायची. ती कोणाला मिळायची हे पाहणं माझं काम नव्हतं. बरोबरीत सामना चालू होता आणि दुसऱ्या हाफमध्ये आमच्या म्हाताऱ्या फोरमनने, तोच आमचा कोच, मला बाहेर बोलावलं आणि माझ्या जागी जोडीदाराला घातलं. फुटबॉलमध्ये एकदा बाहेर गेला तो गेला. परत आत येता येत नाही. आमच्याकडे तर बाहेर काढणं म्हणजे चारचौघांत नाक कापणं. मी चुन्याच्या लाइनबाहेर बसून राहिलो. शेवटच्या मिनिटात त्यांच्या पोराने मारलेला बॉल माझ्या जोडीदाराच्या दोन पायांमधून गेला आणि आम्ही हरलो.

मी तिथेच, सगळ्यांसमोर म्हणालो, "मी असतो तर अडवला असता. शेवटच्या शिट्टीले मी मैदानात पायजे होतो."

तो म्हणाला, "तू असता तर तीन गोल बसले असते."

बस. एवढंच बोललो आणि तोंडं फिरवली. मला आजही वाटतं की मी असतो तर अडवला असता. ते असो.

आता खाणीतला कोळसा संपत आला. माणसं दुसरीकडे पाठवायला सुरुवात झाली. जोडीदाराच्या बदलीचा आदेश निघाला, तिकडे नागपूरच्याही पलीकडे. महिन्याभरात निघायचं होतं. त्याच महिन्यात कामगारांची स्पर्धा होती. म्हणजे ही टीम, हे लोक, शेवटचे एकत्र. मला एकच गोष्ट पाहिजे होती: या वेळी शेवटच्या शिट्टीला मी आत असायला पाहिजे. ट्रॉफी मिळाली तर बरंच, पण मी आत पाहिजे. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

फक्त मैदान उरलं नव्हतं. खाण वाढत वाढत कॉलनीपर्यंत आली आणि आमच्या मैदानावर खोदलेल्या मातीचा डोंगर उभा राहिला. त्यातली निम्मी माती मीच डंपरने आणून टाकली होती. चार्ज घेऊन, नियमाप्रमाणे.

मग वरून कळलं की या वर्षी स्पर्धा फुटसालची. पाच-पाच जणांची, यवतमाळच्या इनडोअर हॉलमध्ये. शिकवायला कॉलनीच्या शाळेतल्या पीटीच्या बाई. वय सव्वीस-सत्तावीस, विद्यापीठाकडून फुटसाल खेळलेल्या. पहिल्याच दिवशी त्या आम्हा बारा जणांना म्हणाल्या, "काका, बूट काढा. खिळ्यांचे बूट इथे चालत नाहीत." बाराही जणांनी मागे वळून पाहिलं की काका कोण आला म्हणून.

सराव शाळेच्या बास्केटबॉलच्या सिमेंटवर. साहेबांनी पाळीतून थोडी सूट दिली होती. बाईंनी बॉल आणला, तो पाहून मला वाटलं की शाळेतल्या पोरांचा उचलून आणला. आपल्या फुटबॉलपेक्षा लहान. हातात घेतला तर जड! वजनाला मोठ्या बॉलच्या जवळपास तेवढाच, पण ते सगळं लहान अंगात कोंबलेलं. छातीएवढ्या उंचीवरून सोडला तर धड गुडघ्यापर्यंतही उडेना.

"याच्यातली हवा गेली," मी म्हणालो.

"नाही काका, तो असाच असतो. उड्या मारत नाही. म्हणून पायाजवळ राहतो."

मी म्हटलं पाहू. दोन पावलं मागे गेलो आणि माझी नेहमीची किक हाणली. बॉल शाळेच्या भिंतीवरून संडासाच्या टाकीपलीकडे गेला आणि माझा अंगठा दोन दिवस बुटात मावला नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "हॉलमध्ये हा छताला लागला असता. छताला लागला की बॉल समोरच्या टीमचा." जोडीदार तिकडे तोंड करून उभा होता. त्याची पाठ हलत होती. हसत होता लेकाचा.

मोठ्या मैदानावर स्टॉपरला बराच आराम असतो. बॉल तिकडे असला की मी लाइनमनशी सोयाबीनच्या भावावर बोलायचो. इथे बोलायला श्वास शिल्लक राहत नाही. इकडून तिकडे चाळीस पावलं, आणि बॉल घडीघडीला तुमच्याकडे. आला की बुटाच्या तळव्याखाली दाबायचा. आतल्या बाजूने नाही, पुढच्या तळव्याने, झुरळ दाबावं तसा. पण मारायचं नाही, धरून ठेवायचं. मग त्याला तळव्यानेच इकडे-तिकडे ओढायचं आणि समोरचा अंगावर येण्याआधी सोडून द्यायचं. ऑफसाइड नाही, म्हणजे त्यांचा माणूस आमच्या गोलजवळ खुर्ची टाकून बसला तरी चालतं. बाहेर गेलेला बॉल हाताने फेकायचा नाही, लाइनवर ठेवून पायाने मारायचा आणि तोही चार सेकंदांत. चार सेकंदांत मी पॅन्ट वर ओढतो. घसरून टॅकल केलेलं चालतं असं बाईंनी सांगितलं. सिमेंटला मात्र हे माहीत नव्हतं. माझी मांडी सोलून निघाली.

मला राग यायचा. खराच यायचा. पंचवीस वर्षं जो खेळ आपल्याला येतो असं वाटत होतं, तो ही सव्वीस वर्षांची बाई रोज संध्याकाळी माझ्या हातून काढून घेत होती. "काका, मान वर. बॉल यायच्या आधी पाहायचं, आल्यावर नाही." मी म्हणायचो, "पाहून राह्यलो न बाई!" आणि तेवढ्यात बॉल गेलेला असायचा. पण तीन आठवड्यांनी एक गंमत झाली. समोरून दोघं अंगावर आले आणि मी बॉल तळव्याने मागे ओढला, वळलो आणि तीन हातांवरच्या माणसाला नुसता सरकवला. हाणला नाही. मी स्वतःच थबकून माझ्या पायाकडे पाहत राहिलो. बाईंनी टाळी वाजवली. मला लाज वाटली आणि आनंदही झाला.

जोडीदाराला हा खेळ लवकर आला. त्याचे पाय लहान, किक दुबळी. मोठ्या मैदानावर ज्याला आम्ही कमजोरी म्हणायचो, ती इथे कामाची निघाली.

मग बाईंनी जोड्या लावल्या. "सगळ्यात मागची जागा तुम्हा दोघांची. एक आत, एक बाहेर. दोन-तीन मिनिटांनी बदली."

"मी बाहेर जात नाही," मी म्हणालो.

"काका, यात कोणी बाहेर काढलेला नसतो. दमला की बाहेर, दम आला की परत आत. कितीही वेळा. सामना थांबवायचा नाही, पंचाला विचारायचं नाही. चालू खेळातच बदलायचं."

"कितीही वेळा?"

"कितीही वेळा."

मी जोडीदाराकडे पाहिलं नाही. त्यानेही पाहिलं नाही. पण हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. बाहेर गेलेला परत येतो. हा कसला खेळ?

यवतमाळच्या हॉलमध्ये पहिला सामना. पिवळसर लाकडी जमीन, वर पत्र्याचं छत, भिंतीवर मोठं घड्याळ. बॉल बाहेर गेला की घड्याळही थांबायचं. आमच्या बाकासमोर लाइनवर दोन खुणा होत्या. त्यांच्यामधूनच जायचं-यायचं. बाहेर बसलेल्याच्या अंगात केशरी बिब, म्हणजे जर्सीवर चढवायची बिनबाह्यांची बंडी.

थोड्या वेळाने मला धाप लागली. बाईंनी हात केला. मी त्या खुणांकडे निघालो. जोडीदार उठला, बिब काढला आणि आत आला. मी थांबलो. तो थांबला. आम्ही दोघं लाइनच्या आत, समोरासमोर.

"उजवीकडचा वेगात आहे. त्याले आत येऊ देऊ नका. जमीन इकडे घसरते," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. "गोलकीपर?"

"ठीक आहे."

मग मी उतरलो. म्हणजे बाहेर पडलो. तोवर पंचाची शिट्टी होऊन गेली होती. आमचे सहा जण आत होते! पंचाला ते सहा दिसत होते, आम्हाला तो चार्ज दिसत होता. जोडीदाराला पिवळं कार्ड, आणि बॉल होता तिथून त्यांना इनडायरेक्ट फ्री किक. एकाने सरकवला, दुसऱ्याने मारला, गोल.

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काका, आधी तुम्ही बाहेर, मग ते आत. तिथे उभं राहून काय बोलत होता?"

मी म्हणालो, "चार्ज."

"कसला चार्ज?"

आमच्या टीममधल्या एकालाही यात काही चुकलं असं वाटलं नव्हतं. सगळे डंपर, डोझर आणि डंपर भरणारं शॉवेल चालवणारे. रिकामी सीट सोडून उतरायचं कसं, हाच सगळ्यांचा प्रश्न. तो सामना आम्ही कसाबसा जिंकलो. त्यानंतर बाईंनी सगळ्यांना बाकावर बसवलं आणि बिब हातात धरून दाखवला.

"हा तुमचा चार्ज. बाहेरच्याने हा लाइनबाहेर उभं राहून, येणाऱ्याच्या हातात द्यायचा. हा हातात पडला, की सीट मोकळी नाही, बदलली. काय सांगायचं ते तिथे सांगा, पण पाय लाइनबाहेर ठेवून. समजलं?"

हे समजलं. हे असं आधीच सांगितलं असतं तर गोल वाचला असता, पण शिकल्या-सवरलेल्यांना सोप्या गोष्टी उशिरा सुचतात.

मग दोन दिवस आम्ही चार्ज दिला-घेतला. सामन्यात दहा-बारा वेळा लाइनवर भेटायचो, बिब हातात द्यायचो आणि दोन शब्द बोलायचो. इतक्या वर्षांत कधी आठवड्याभरातही झालं नसेल तेवढं बोलणं एका सामन्यात व्हायला लागलं. "दहा नंबर दमला." "त्याच्या उजव्या बाजूले जागा आहे." "पाणी पिऊन घ्या." हे शेवटचं तो म्हणाला. त्याला चार्जमध्ये जागा नव्हती. मी बाकावर बसून अख्खी बाटली रिकामी केली. धावल्यामुळे असेल.

फायनलला दोन-दोन बरोबरी. दुसऱ्या हाफची शेवटची मिनिटं. आमचे फाउल पाच झाले होते. त्यातले तीन माझे. सहावा झाला की समोरच्यांना दहा मीटरवरून सरळ किक, मध्ये भिंत नाही, फक्त गोलकीपर. बाईंनी हात केला. मी पाहिलं नाही असं दाखवलं. त्यांनी परत केला. मी छताकडे पाहिलं. मला ठाऊक होतं, आत्ता बाहेर पडलो तर शिट्टी बाहेरच ऐकावी लागणार. परत तेच. परत तोच बाक.

मग मला जोडीदार दिसला. दोन खुणांच्या मध्ये, लाइनबाहेर, हातात बिब धरून उभा. हाक नाही, खूण नाही. खाणीत पाळी बदलताना माझ्या डंपरची वाट पाहत उभा राहायचा तसा. मी एकदाही त्याला ताटकळत ठेवलं नव्हतं. भांडण असलं तरी नाही.

मी गेलो. बिब घेतला. "त्यांचा नऊ नंबर येऊन राह्यला," एवढं म्हणालो आणि बाकावर बसलो. जोडीदार चांगला खेळला. नऊ नंबरच्या पुढून दोनदा बॉल काढला, फाउल न करता. मी असतो तर... जाऊ द्या.

मी घड्याळाकडे पाहत बसलो होतो. मिनिटभरही उरलं नव्हतं. बॉल बाहेर गेला, घड्याळ थांबलं, आणि पाहतो तर जोडीदार आमच्याकडे पळत येतो आहे.

मी उठलो. "काहून आले?"

"दम लागला."

त्याला दम लागला नव्हता. बोलताना त्याचा श्वास माझ्यापेक्षा शांत होता.

"नऊ नंबर डाव्या पायानं मारते. पाय जवळ ठेव," तो म्हणाला. मग लाइनबाहेर येऊन माझ्यापुढे हात पसरला. "दे तो बिब. जा न बे! शिट्टी व्हायची आहे."

बे म्हणाला. इतक्या वर्षांनी. आणि शिट्टीचं त्याच्या लक्षात होतं. मी एकदाच म्हटलं होतं, तेही रागात, आणि तो तेवढी सगळी वर्षं ते घेऊन माझ्याच सीटवर बसत होता. मी बिब त्याच्या हातात दिला आणि आत गेलो. मागून बाई ओरडत होत्या, "कोणी सांगितलं बदली करायला?"

चार सेकंदांत त्यांनी बॉल आत मारला. तो नऊ नंबरकडे गेला. मी मान वर ठेवली होती. डावा पाय पाहिला होता. मला सगळं माहीत होतं. बॉल खालून सरपटत आला, तो जड बॉल उडत नाही, खालूनच येतो, आणि माझ्या दोन पायांमधून गेला.

त्यानंतर आम्ही बॉल मधोमध ठेवला, एक पास केला आणि शिट्टी झाली. शेवटच्या शिट्टीला मी आत होतो. माझी इच्छा पूर्ण झाली.

मी तिथेच खाली बसलो. कोणाचंही तोंड पाहायची हिंमत नव्हती. तो माझ्यासाठी बाहेर आला होता. त्याची आमच्यासोबतची शेवटची फायनल होती आणि ती मी घालवली. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. मग माझ्यासमोर त्याचे लहान पाय येऊन थांबले.

"मी असतो तर अडवला असता," तो म्हणाला.

हॉलमध्ये आमच्या टीमचं कोणीच हललं नाही. मी वर पाहिलं. तो हसत नव्हता. मग हळूहळू त्याच्या मिशा हलायला लागल्या.

"तू असता तर तीन गोल बसले असते," मी म्हणालो.

त्याने हात दिला, मला उठवलं, आणि उठवता उठवता आम्ही दोघं असे हसलो की पंच धावत आला. त्याला वाटलं मारामारी चालली आहे.

परतताना बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला. यवतमाळहून वणीपर्यंत आम्ही बोललो. त्याच्या बदलीचं, पोरांच्या शाळेचं, त्या म्हाताऱ्या फोरमनचं. फोरमनने मला तेव्हा बाहेर का काढलं होतं हे जोडीदाराला माहीत होतं. माझ्या पायात गोळा आला होता आणि मी लंगडत होतो म्हणून. मला ते आठवतच नव्हतं. घरी पोचल्यावर भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत राहिला आणि मी इकडून उत्तरं देत राहिलो. शेवटी बायको म्हणाली, "आता रेडिओ बंद करा, झोपू द्या."

मग त्याच्या जाण्याचा दिवस आला. त्याने शेवटची पाळी केली. मी शिडी चढून वर गेलो. आम्ही समोरासमोर उभे राहिलो.

"ब्रेक ठीक. मागचा डावा टायर पाहून घे. हॉर्न अजूनही कमी वाजते."

"बरं," मी म्हणालो. तो उतरला नाही, मीही बसलो नाही. खाली शॉवेलवाला हॉर्न मारत होता. बसमधला तो रस्ता आणि त्यानंतरचे उरलेले दिवस आम्ही न थांबता बोललो होतो, पण ते पुरलं नव्हतं. शेवटी तो शिडी उतरून गेला आणि मी गाडी सुरू केली.